गौरवपत्राचा मजकूर: ज्यांनी 'काही विशेष केलं नाही' त्यांच्याबद्दल काय लिहायचं?

निळी शाई
नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळा परिचरांना वार्षिक कार्यक्रमात गौरवपत्र द्यायचं ठरलंय. सगळे त्यांना काका म्हणतात. ते निवृत्त होत नाहीयेत, अजून काही वर्षं नोकरी आहे. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मसुदा असा झालाय:

"श्री. ___ यांनी आमच्या संस्थेत गेली २४ वर्षे अत्यंत प्रामाणिकपणे, निष्ठेने, तळमळीने व समर्पित भावनेने सेवा केली. त्यांचा मनमिळाऊ स्वभाव, कर्तव्यदक्षता व शिस्तप्रियता सर्वांना प्रेरणादायी आहे. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा."

यात चुकीचं काही नाही, पण काका कुठे दिसतही नाहीत. अडचण अशी की नाव घेऊन सांगावं असं त्यांनी काही केलेलं नाही. पुरस्कार नाही, एखादा मोठा प्रसंग निभावून नेला असंही नाही. सगळं वेळेवर आणि जागच्या जागी असतं, एवढंच. हे कागदावर कसं आणायचं?

रिकामटेकडा
२४ वर्षं झाल्यावर उज्ज्वल भवितव्य? हे दहावीच्या निरोप समारंभातून उचललंय का?

वेलबुट्टी
मला विचाराल तर मसुदा फार कोरडा आहे. असे प्रसंग रोज येत नाहीत, भाषा भारदस्तच हवी. असं काहीतरी करा:

"हे मूक कर्मयोगी! ज्ञानमंदिराच्या पायाचा दगड होऊन आपण अहोरात्र झिजलात. प्रसिद्धीच्या झगमगाटापासून दूर राहून आपण कर्तव्याची ज्योत अखंड तेवत ठेवलीत..."

शांत माणसाबद्दल शांतपणेच लिहिलं तर सभागृहात कुणाचं लक्ष जाणार नाही. हा मजकूर मोठ्याने वाचला जाणार आहे, हे विसरू नका.

गुलबकावली
मलाही असंच पत्र हवंय. माझ्या भावाने एका ठिकाणी सहा वर्षं काम केलं, पण ते लोक द्यायला टाळाटाळ करतायत. त्यात पगार लिहावा लागतो का?

आठवा तास
@गुलबकावली, तुम्हाला अनुभव प्रमाणपत्र म्हणायचंय बहुतेक. त्याचा वेगळा धागा काढा, इथे गौरवाचं चाललंय.

@निळी शाई, मला एका शाळेतून दीर्घ सेवेबद्दल असंच पत्र मिळालं होतं. घरी आणून वाचलं तर 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय'. माझ्या आधी ज्यांना मिळालं त्यांच्याही पत्रात हेच तीन शब्द, याच क्रमाने. बरं, मी मनमिळाऊ नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. ते पत्र आजही गुंडाळीतच आहे. तुमच्या काकांना तसलं काही देऊ नका.

टाकबोरू
बरीच वर्षं कार्यालयात असे मजकूर लिहिले आणि तपासले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेलबुट्टी यांचा एक मुद्दा खरा आहे. मजकूर वाचला जाणार आहे, त्यामुळे त्याला लय हवी आणि वाक्यं एका श्वासात संपायला हवीत. पण 'पायाचा दगड', 'मूक कर्मयोगी' ही विशेषणं फक्त खालच्या पदावरच्या माणसांना चिकटवली जातात, हे कधी लक्षात आलंय का? प्राचार्यांना कुणी पायाचा दगड म्हणत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून 'पद लहान, पण माणूस चांगला' एवढंच ऐकू येतं. आणि 'अहोरात्र झिजलात' असं लिहायचं तर मग संस्थेने का झिजवलं, हा प्रश्न उरतोच.

आता मूळ अडचण. भरवशाचं काम दिसत नाही, कारण जे घडलं नाही त्यातच ते असतं. म्हणून अशा माणसाबद्दल 'त्यांनी काय केलं' असं विचारलं की सगळे गप्प होतात. त्याऐवजी विभागात दोन प्रश्न विचारा. ते रजेवर होते तेव्हा काय बिघडलं? आणि उद्या त्यांच्या जागी नवा माणूस आला तर कोणती गोष्ट कुठेही लिहिलेली नाही म्हणून त्याला अडेल? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर समजा की तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय. प्राध्यापकांना सोडा, विद्यार्थ्यांना आणि दुसऱ्या परिचराला विचारा.

उत्तरं घेऊन या, मग मजकुराचं बघू.

निळी शाई
टाकबोरू सर, धन्यवाद. विचारून आले. पहिल्या प्रश्नाला अक्षरशः लगेच उत्तर मिळालं.

मागे काका घरच्या कारणाने पंधरा दिवस रजेवर होते. त्या काळात अनुमापनाची प्रात्यक्षिकं झाली आणि ब्युरेट नुसत्या वरवर विसळून उभ्या ठेवल्या गेल्या. आत कॉस्टिक सोड्याचा अंश राहिला, काचेच्या तोट्या चिकटून बसल्या आणि पुढच्या आठवड्यात मुलांनी जोर लावला तेव्हा काही तुटल्या. काका काय करतात ते मी आत्ता जाऊन पाहिलं. प्रत्येक ब्युरेट आधी नळाच्या पाण्याने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात, स्टँडला उलटी लावतात, तोटी उघडी ठेवतात आणि तोटी नि काचेच्या मध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवतात. ती पट्टी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या समासातून कापलेली असते. एका डब्यात त्यांनी अशा पट्ट्यांचा गठ्ठाच करून ठेवलाय. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं उत्तर त्यांच्या जोडीदार परिचराने दिलं. परमँगनेटचं द्रावण काका आदल्या दिवशीच करून ठेवतात, कारण ताजं केलं तर त्याची तीव्रता लगेच स्थिर नसते. दुसऱ्या दिवशी काचेच्या लोकरीतून गाळतात आणि तपकिरी बाटलीत भरतात. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता आणि केल्याची तारीख असते. "तारीख नसलेली बाटली काका ओतून टाकतात, कुणाचीही असो," असं तो म्हणाला. एकदा एका प्राध्यापकांचीही ओतली होती म्हणे.

रिकामटेकडा
ती प्राध्यापकांची बाटली मजकुरात यायलाच हवी. मी टाळ्या वाजवायला येतो.

वेलबुट्टी
कागदाची पट्टी! हे मात्र सुंदर आहे. कर्मयोगी मागे घेते. पण ज्योत राहू दे ना कुठेतरी.

टाकबोरू
हे झालं काम. आता तुमच्याकडे एवढा ऐवज आहे की काय गाळायचं हा प्रश्न पडेल. गौरवपत्रावर एक तपशील जवळून दाखवावा, दोन झाले तर फार झाले. तिसऱ्याला ती कामांची यादी वाटायला लागते. परमँगनेटची गोष्ट खरी आणि चांगली आहे, पण सभागृहातल्या कुणाला ती कळेल? बाटलीवरची तारीख कुणालाही कळते. तोटीही कळते.

दुसरं, काळ. तुमच्या मसुद्यात 'सेवा केली' आहे, पण ते तर अजून नोकरीत आहेत. 'करत आहेत', 'आले आहेत' असे काळ वापरा, नाहीतर श्रद्धांजलीचा सूर लागतो. शेवटची शुभेच्छा काढून टाका. गौरवपत्र झालेल्या कामाबद्दल असतं, त्याने पुढचं काही मागू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आता तुमच्या मनात वाक्य आलं असेल, 'गेल्या २४ वर्षांत एकही प्रात्यक्षिक रद्द झाले नाही.' मोह होतो, मलाही होतो. पण असं वाक्य नोंदवही पाहिल्याशिवाय लिहू नका. समोर बसलेल्या एकाही माणसाला एखादा रद्द झालेला तास आठवला तर सगळा मजकूर पोकळ ठरतो, आणि लाज काकांना वाटते, लिहिणाऱ्याला नाही.

निळी शाई
तेच वाक्य लिहून ठेवलं होतं, खरंच. 🙂 नोंदवह्या बघते.

आठवा तास
एक शंका आहे. 'कधीही रजा घेतली नाही', 'वेळ संपल्यावरही थांबत' हे लिहावं का? आमच्याकडे हमखास लिहितात.

टाकबोरू
मी लिहू देत नाही. रजा हा हक्क आहे. ती न घेणं हा गुण ठरवला की शेजारी बसलेला जो नियमाने रजा घेतो तो आपोआप कमी ठरतो. वेळेनंतर थांबण्याचंही तसंच. माणसं कमी होती म्हणून थांबावं लागलं असेल तर ते संस्थेचं न्यून आहे. ते कागदावर गौरव म्हणून छापू नये.

वेलबुट्टी
इथे मी सहमत नाही. माझे वडील खरोखर थांबत असत, आवडीने. कुणी ते लिहिलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. माणसाला जे आवडीचं होतं ते आपण तत्त्वासाठी का गाळायचं?

टाकबोरू
आवडीने थांबत असतील तर थांबून काय करत ते लिहा. नुसतं थांबणं लिहू नका. याउपर तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

छापखाना
माझा व्यवसायच हा, म्हणून मध्ये पडतो. मजकूर कितीही छान असू द्या, आडव्या ए४ कागदावर चौकट, बोधचिन्ह, शीर्षक, नाव आणि खाली दोन सह्या गेल्या की साधारण ७० ते ८० शब्दांची जागा उरते. त्यापेक्षा जास्त दिलेत तर आम्ही अक्षर बारीक करतो आणि मग भिंतीवर लावल्यावर कुणाला वाचता येत नाही. देवनागरीला ओळींत अंतरही जास्त लागतं. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांत घुसतात.

आणि एक डोकेदुखी. तुम्ही युनिकोडमध्ये टंकून पाठवता, काही ठिकाणी ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्यात 'कर्मचाऱ्यांच्या', 'दुसऱ्या' यातला ऱ्य हमखास तुटतो. नमुना पडद्यावर बघू नका, कागदावर छापून मागा आणि असे शब्द आधी शोधा. नाव तर अक्षर अक्षर तपासा. पुन्हा छापावं लागण्याची पहिली कारणं नाव आणि तारीख हीच असतात.

निळी शाई
नाव कसं लिहायचं यावरूनच घोळ आहे. सेवापुस्तकात आडनावात दीर्घ वेलांटी आहे, काका स्वतः ऱ्हस्व लिहितात.

टाकबोरू
ते जसं लिहितात तसं लिहा. सेवापुस्तकातलं आडनाव कुणा कारकुनाने भरलेलं असतं. हे पगारपत्रक नाही, त्यांच्या घरात लागणारा कागद आहे. नाव, पदनाम आणि वर्षं एवढं त्यांना आधी दाखवून घ्या. स्तुतीचा भाग नको.

आठवा तास
पूर्ण मजकूरच दाखवला तर काय बिघडतं? माझा मला आधी दाखवला असता तर 'मनमिळाऊ' मी तिथेच खोडलं असतं.

निळी शाई
आज वेळ मिळाला. दोन गोष्टी सापडल्या.

विभागात प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या गेल्या १५ वर्षांच्याच आहेत. त्याआधीच्या जीर्ण झाल्या म्हणून काढून टाकल्या. या १५ वर्षांत काही तास रद्द झाल्याच्या नोंदी आहेत. कारण कुठे 'पाणी नाही', कुठे 'वीज नाही', एका ठिकाणी 'शिक्षक गैरहजर'. द्रावण तयार नाही किंवा काचसामान नाही, असं कारण कुठेच नाही. पानं उलटताना मलाच धाकधूक होत होती.

दुसरी गोष्ट अवघड आहे. काका २४ वर्षं म्हणतात, सेवापुस्तक २१ म्हणतं. पहिली तीन वर्षं ते रोजंदारीवर होते. कार्यालय म्हणतं २१ लिहा. मी काकांना काही बोलले नाही अजून.

रिकामटेकडा
२१ लिहिलंत तर बाकी सगळा मजकूर वाया. त्या तीन वर्षांत ब्युरेट दुसऱ्या कुणी धुतल्या का?

छापखाना
आम्हाला काय, आकडा सांगा, छापतो. पण तो बदलायचा असेल तर छापायच्या आधी बदला.

टाकबोरू
कार्यालयाची भीती अगदीच पोकळ नाही. 'सेवा' या शब्दाबरोबर संस्थेच्या सहीशिक्क्याने २४ चा आकडा गेला, तर उद्या सेवाकाळ मोजण्याच्या वादात कुणीतरी तो कागद पुढे करेल. त्याचा उपयोग होईल न होईल, पण प्राचार्य सही करताना अडतील. मी अशा वेळी 'सेवा' शब्द टाळतो. '२४ वर्षांपासून या विभागात काम करत आहेत' हे सत्य आहे आणि त्यात सेवेच्या स्वरूपाबद्दल काही म्हटलेलं नाही. तरीही कार्यालय नाही म्हणालं तर आकडाच गाळून 'सन अमुकपासून' लिहा आणि वर्ष काकांचं घ्या. त्यावरही अडले तर माझ्याकडे उपाय नाही.

निळी शाई
ठीक. मग हा नवा मसुदा:

"श्री. ___, प्रयोगशाळा परिचर, २४ वर्षांपासून रसायनशास्त्र विभागात काम करत आहेत. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी द्रावणे तयार असतात, प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता आणि तारीख असते आणि सकाळी प्रत्येक ब्युरेटची तोटी सहज फिरते. ही पद्धत त्यांनी स्वतः घालून दिली आणि रोज पाळली. विभागातील उपलब्ध नोंदींनुसार त्यांच्या तयारीतील त्रुटीमुळे एकही प्रात्यक्षिक रद्द झालेले नाही. त्यांच्या या कामावर विसंबून आम्ही शिकलो आणि शिकवले. त्याबद्दल कृतज्ञतापूर्वक हे गौरवपत्र."

आठवा तास
'शिकलो आणि शिकवले' छान! म्हणजे देणारे फक्त प्राचार्य नाहीत, विद्यार्थीही आहेत.

टाकबोरू
फारच सुधारलं. दोन दुरुस्त्या सुचवतो.

'त्रुटीमुळे' काढा. कागदावर वाचताना अर्थ लागतो, पण ध्वनिक्षेपकावरून ऐकताना 'त्यांच्या तयारीतील त्रुटी' एवढंच कानावर आदळतं आणि 'नाही' यायला वेळ लागतो. त्याऐवजी असं करा: 'द्रावणे तयार नाहीत म्हणून एकही प्रात्यक्षिक थांबल्याची नोंद विभागात नाही.' 'उपलब्ध नोंदींनुसार' हे शब्दही मग लागत नाहीत. नोंद नाही, एवढंच आपण म्हणतोय आणि ते खरं आहे.

दुसरं, 'घालून दिली आणि रोज पाळली' इथे पुन्हा काळ चुकला. 'आणि ते ती रोज पाळतात.'

वेलबुट्टी
मोठ्याने वाचून पाहिलं. दुसरं वाक्य लांब आहे, पण त्यात पायऱ्या आहेत, त्यामुळे अडखळायला होत नाही. फक्त वाचणाऱ्याला 'ब्युरेट' आधी म्हणून दाखवा. आमच्याकडे एका निवेदकाने सत्कारमूर्तीचं पदनाम तीन वेळा चुकवलं होतं. आणि काका शांत आहेत, कमी बोलतात, हे कुठेच आलं नाही. ते मुद्दाम गाळलं का?

निळी शाई
हो, मुद्दामच. 'शांतपणे' लिहिलं होतं, मग खोडलं. 'कधी तक्रार केली नाही' असा वास यायला लागला त्याला. तक्रार तर ते करतात. तारीख नसलेल्या बाटलीवरून किती बोलतात ते विचारा कुणालाही.

वेलबुट्टी
पण त्यांना ओळखणारा प्रत्येक जण पहिलं तेच सांगेल ना? एखाद्याचा स्वभावच गाळायचा म्हणजे...

टाकबोरू
मी निळी शाई यांच्या बाजूचा. पण दुसरी बाजूही ऐकून आहे. काही जणांना आपल्या अबोलपणाची दखल घेतलेली आवडते. हे काकांनाच ठाऊक.

निळी शाई
आजची खबर. प्राचार्यांनी मसुदा वाचला. 'तोटी सहज फिरते' वर बोट ठेवून म्हणाले, हे जरा किरकोळ वाटतं, त्याजागी 'निष्ठावान व कर्तव्यदक्ष' घ्या. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, तोटी गेली तर मी सही करणार नाही. शेवटी तोटी राहिली आणि 'कर्तव्यदक्ष' पदनामाच्या आधी येऊन बसलं. 'निष्ठावान' गेलं.

रिकामटेकडा
एक विशेषण आणि एक तोटी. बरोबरीत सुटलात.

टाकबोरू
एवढी देवघेव व्हायचीच. प्राचार्यांचा एक शब्द राहिला की सही लवकर होते.

निळी शाई
२४ चं अजून लटकलंय. 'काम करत आहेत' ही शब्दरचना कार्यालयाला सांगितली, पण अधीक्षकांनी फाइल ठेवून घेतलीय. @छापखाना, आकड्याची जागा मोकळी ठेवून बाकीचा नमुना कागदावर काढता येईल का? यावेळी ऱ्य मजकुरात कुठेच नाही, पण आडनावात आहे.

छापखाना
काढतो. आडनाव ते ऱ्हस्व लिहितात ना? ते त्यांच्याच हाताने एका कागदावर लिहून घ्या आणि फोटो पाठवा. टंकलेलं मी मानत नाही.

गुलबकावली
नवा धागा काढलाय मंडळी, कुणीतरी बघा प्लीज.